घेर चेहऱ्याला, भार पाळीला

कानातले घेताना आपण ते कानाशी धरतो, मान जराशी वळवून आरशात पाहतो आणि घ्यायचे की नाही ते ठरवतो. तेवढ्या क्षणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. हे आपल्याला शोभेल का, हा पहिला. त्याचे उत्तर दागिन्याच्या बाह्यरेषेवर अवलंबून असते: तो किती लांब आहे, कुठे रुंद होतो आणि चेहऱ्याच्या कोणत्या उंचीवर संपतो. हे आपल्या कानाला सोसेल का, हा दुसरा. त्याचे उत्तर वजनात, ते वजन पेलणाऱ्या दांडीच्या जाडीत आणि आपण ते किती तास घालणार यात असते. आरसा पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो. दुसऱ्याचे उत्तर दहा-पंधरा वर्षांनी दिसते, तेव्हा कानाची भोके ओघळलेली असतात आणि साधे टॉप्ससुद्धा खाली मान घालून बसतात.

हे दोन प्रश्न वेगळे करता येतात, हे मला या लेखात सांगायचे आहे. चेहऱ्याला जो आकार हवा तो पुष्कळदा निम्म्या वजनात मिळतो, आणि घरातला जड दागिना घालायचाच असेल तर त्याचा भार पाळीवरून दुसरीकडे नेण्याची सोयही आपल्या दागिन्यांत आधीपासून आहे.

आधी चेहरा. चेहऱ्याचा आकार ठरवायला मोबाइलवर स्वतःच काढलेला फोटो उपयोगाचा नाही. हात लांब करून जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते, गाल आणि कान मागे सरकल्यासारखे दिसतात आणि सगळा चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता भासतो. केस मागे बांधून, सात-आठ फुटांवरून दुसऱ्या कुणाकडून समोरून फोटो काढून घ्यावा. त्यावर कपाळाची, गालांच्या हाडांपाशी आणि जबड्याच्या कोपऱ्यांपाशी अशा तीन रुंद्या पाहाव्यात, आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी. लांबी रुंदीपेक्षा थोडीच जास्त असेल आणि जबड्याला कोपरे नसतील तर चेहरा गोल. तेवढ्याच प्रमाणात जबडा रुंद व कोपरेदार असेल तर चौकोनी. लांबी रुंदीच्या दीडपटीच्याही पुढे गेली तर लांबट. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर बदामी. अंडाकृती चेहरा या सगळ्यांच्या मधला असतो. त्याला बहुतेक आकार चालतात, म्हणून त्याच्यावर मी इथे जास्त थांबत नाही.

खरे चेहरे या कप्प्यांत नेमके बसत नाहीत. म्हणून कप्प्याच्या नावापेक्षा त्यामागचे कारण समजून घेणे जास्त कामाचे. कानातले जिथे सर्वांत रुंद असते किंवा जिथे संपते, तिथे पाहणाऱ्याची नजर थांबते. दोन्ही कानांतल्या त्या दोन जागा नजर आपोआप जोडते आणि चेहऱ्यावर एक आडवी रेघ तयार होते. ती रेघ गालाच्या सर्वांत फुगीर भागावर पडली तर गाल आणखी रुंद दिसतात. जबड्याच्या कोपऱ्यावर पडली तर जबडा ठसठशीत होतो. जबड्याच्या खाली, मानेच्या वरच्या भागात पडली तर चेहरा लांब दिसतो. दागिन्याचा आकार कोणताही असो, आधी ही रेघ कुठे पडते ते पाहावे. त्यासाठी मोजपट्टीही नको. कानाच्या भोकापाशी दोरा धरून खाली सोडावा आणि जबड्याच्या कोपऱ्याच्या उंचीवर त्याला गाठ मारावी. दुकानात जाताना तो दोरा पर्समध्ये असला की लोंबते कानातले गाठीच्या वर संपते, गाठीवर संपते की खाली, हे घालून न पाहताही कळते.

गोल चेहऱ्याच्या बाबतीत हा दोरा सर्वांत जास्त उपयोगी पडतो. झुमका हा आपला लाडका दागिना. त्याचा घुमट नेहमीच्या लांबीत नेमका गाल संपतो तिथे येतो. गोल गालाशेजारी गोल घुमट आला की दोन्ही एकमेकांना फुगवतात. म्हणून गोल चेहऱ्याच्या बाईने झुमका घालूच नये, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. घुमट दोऱ्याच्या गाठीखाली गेला तर तोच झुमका चेहरा लांब करतो. वरचे फूल आणि घुमट यांच्यामध्ये दीड-दोन सेंटीमीटरची अरुंद साखळी किंवा मोत्यांची एकच सर आली की झाले. चांदबालीचे मात्र तसे नाही. तिची चंद्रकोर मुळातच आडवी पसरते आणि ती गोल चेहऱ्याला क्वचितच साथ देते. तीच चांदबाली बदामी चेहऱ्याला छान दिसते, कारण निमुळत्या हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जी रुंदी कमी पडते ती तिच्याकडून मिळते.

लांबट चेहऱ्याचे गणित उलट आहे. लांब, सुटी लोंबती सर चेहऱ्याची उभी रेघ आणखी ताणते. इथे आपल्या मोत्यांच्या कुड्या फार चांगले काम करतात. मध्ये मोती किंवा लाल खडा आणि भोवती मोत्यांचा फुलासारखा घेर, असा हा दागिना पाळीवरच बसतो, कानापाशी रुंदी आणतो आणि खाली काहीच सोडत नाही. त्या वजनालाही हलक्या असतात. लांबट चेहऱ्याच्या बाईला शोभणारे आणि पाळीला मानवणारे, अशा दोन्ही गोष्टी एकाच दागिन्यात मिळण्याचे हे सोपे उदाहरण आहे. चौकोनी जबड्याला गोलाई हवी: रिंगा, अंड्याच्या आकाराचे डूल, पाण्याच्या थेंबासारखे लोलक. पण ते जबड्याच्या कोपऱ्यावर संपू नयेत. थोडे वर किंवा बरेच खाली.

चष्मा आणि नथ या दोन गोष्टी सल्ल्यांत विसरल्या जातात. चष्म्याची चौकट आधीच एक जाड आडवी रेघ ओढून बसलेली असते. तिच्या जोडीला कानापाशी मोठी चकती आली की चेहऱ्याचा वरचा भाग गजबजतो, म्हणून चष्मा असेल तर दागिना लहान ठेवावा किंवा खाली न्यावा. मोठी मोत्यांची नथ असेल तर नजर चेहऱ्याच्या मध्याशी बांधली जाते. नथ आणि मोठा झुमका एकमेकांशी भांडतात. नथ आणि कुडी भांडत नाहीत. जुन्या मराठी साजात या दोघींची जोडी टिकली ती उगाच नाही.

आता पाळी. कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते. पाळीत ती नसते. तिथे कातडी, थोडी चरबी, धाग्यांसारख्या पेशीजालाची वीण आणि रक्तवाहिन्या एवढेच असते. म्हणून पाळी मऊ असते, टोचायला सोपी असते, लवकर भरून येते आणि ताणलीही जाते. त्या विणीत दोन प्रकारचे प्रथिनांचे धागे असतात. कोलॅजेन ताण धरून ठेवतो आणि इलास्टिन ताणलेले परत आणतो. थोडा वेळ वजन लटकवले तर पाळी ताणते आणि वजन काढल्यावर पूर्ववत होते. वजन तासन्‌तास, रोज, वर्षानुवर्षे राहिले तर धागे हळूहळू एकमेकांवरून सरकतात आणि सगळे परत येत नाहीत. वयाबरोबर पाळीतली चरबी कमी होते, इलास्टिन झिजते. त्यामुळे तिशीत सोसलेले वजन पन्नाशीत सोसत नाही, दागिना तोच असला तरी.

पाळी किती ताणली जाऊ शकते हे पाहायचे असेल तर दक्षिण तमिळनाडूकडे पाहावे. तिथल्या काही समाजांतल्या वृद्ध स्त्रिया पांबडम नावाचे सोन्याचे जड दागिने घालत आल्या. त्यांच्या पाळ्या लहानपणापासून टप्प्याटप्प्याने वजन वाढवत मुद्दाम लांबवलेल्या असत, खांद्यापर्यंत पोहोचतील इतक्या. ताण हळूहळू वाढला तर पाळी वाढत जाते आणि भोवतीची कड शाबूत राहते, हे त्यातून दिसते. आपल्याकडे जे होते ते वेगळे. आधी भोक ओघळून उभ्या चिरेसारखे होते, खालची कड पातळ होते आणि मग एखाद्या दिवशी बाळाने ओढले, टॉवेलात अडकले, पदराच्या पिनेत गुंतले की ती उरलेली कड तुटते. फाटणे क्षणाचे असते, पण त्याची तयारी कित्येक वर्षे चाललेली असते.

ही तयारी वजनापेक्षाही दांडीच्या जाडीमुळे वेगाने होते. पिशवीत तेवढेच सामान असून बंद बारीक असला की बोटात रुततो, रुंद असला की रुतत नाही. कानातही तेच होते. पंधरा ग्रॅमचा झुमका अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीच्या आकड्यावर लटकला की सगळा दाब भोकाच्या तळाशी एका बारीक रेघेवर येतो. तोच झुमका दीड मिलिमीटरच्या दांडीवर बसवला तर दाब निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. स्वस्त नकली झुमक्यांना बहुधा पातळ आकडे असतात. त्यात आकडा खडबडीत असेल आणि त्यात निकेल असेल तर भोक खाजते, लाल होते, ओलसर राहते. सुजलेली कातडी ताणाला आणखी लवकर हार मानते. कानातले घातल्यावर खाज येत असेल तर ते अंगवळणी पडण्याची वाट पाहू नये. तो जोड बाजूला ठेवावा.

दुसरी गोष्ट मागच्या फिरकीची. मोठा टॉप्स पाळीच्या पुढे असतो, म्हणजे त्याचे वजन भोकाच्या पुढे काही मिलिमीटरवर असते. भोक टेकूसारखे काम करते. पुढचे टोक खाली जाते आणि मागचे वर उचलले जाते. दागिना जमिनीकडे पाहू लागतो, दांडी भोकाच्या पुढच्या बाजूला खाली आणि मागच्या बाजूला वर रुतते. मागची फिरकी लहान असेल तर ती वर उचलली जाताना पाळीच्या मागच्या कातडीत घुसते. तिच्याखाली नखाएवढी, साधारण एक सेंटीमीटर व्यासाची सपाट चकती बसवली की हा दाब मोठ्या जागेवर पसरतो आणि दागिना सरळ उभा राहतो. अशी चकती सोनाराकडून सहज करून मिळते. पारदर्शक प्लास्टिकच्याही मिळतात. फिरकी फार आवळणे हे मात्र या दुखण्यावर औषध नाही. पुढून दागिना आणि मागून फिरकी असा पाळीचा चिमटा झाला की रक्तपुरवठा अडतो आणि कातडी आतून खराब होते. फिरकी बसवल्यावर पाळी आणि फिरकी यांच्यात कागद सरकेल इतकी जागा हवी.

वजनाचा आकडा सांगायचा तर पावती नीट वाचावी लागते. पावतीवर जोडाचे वजन असते, म्हणजे एका कानासाठी त्याच्या निम्मे. शिवाय निव्वळ वजन म्हणजे फक्त सोन्याचे. खडे, मोती, लाख हे एकूण वजनात येते, आणि कानाला एकूण वजनच पेलावे लागते. नकली दागिन्यांची पावती नसते, तर ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवावेत. दिसायला मोठे म्हणजे जड असे नसते. सोने पितळेच्या दुपटीहून जास्त घन, पण सोन्याचा झुमका पातळ पत्र्याचा आणि पोकळ असतो. उलट ऑक्सिडाइज्ड झुमके पुष्कळदा ओतीव असतात आणि सोन्याच्या झुमक्यापेक्षा जड भरतात. मातीचे कानातले हलके वाटतात आणि काट्यावर वेगळेच निघतात. लाकडाचे, खणाच्या कापडाचे, रेशमी धाग्यांचे कानातले मोठा आकार देऊन अगदी हलके राहतात. घेर हवा असेल तर तो तिथून घ्यावा.

मी स्वतः धरते तो अंदाज असा: रोज दिवसभर घालायचे असेल तर एका कानाला तीन-चार ग्रॅम. काही तासांच्या समारंभासाठी आठ-दहापर्यंत. त्यापुढे आधाराशिवाय नाही. पाळी जाड-पातळ असते आणि भोक मध्यावर किंवा खाली असते, म्हणून हे आकडे पुढे-मागे होतील. पाळीकडे पाहून खात्री करता येते. निरोगी भोक ठिपक्यासारखे असते. ते उभ्या चिरेसारखे झाले असेल, टॉप्सच्या वरून भोक डोकावत असेल, दागिना काढल्यावर खालचा भाग लाल आणि दुखरा राहत असेल, तर मर्यादा ओलांडून काही दिवस झालेले असतात. दोन्ही कान सारखे नसतात. ज्या बाजूला झोपतो, ज्या कानाला फोन लावतो त्या बाजूची पाळी आधी थकते. वजन नेहमी त्या दुबळ्या कानाकडे पाहून ठरवावे. झोपताना लोंबते कानातले काढून ठेवणे हे यातले सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त वाचवणारे काम आहे. हेल्मेट घालताना काढणे त्याच्या खालोखाल.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पन्नाशी उलटलेल्या, गोल चेहऱ्याच्या काकूंना पुतणीच्या लग्नात सासूबाईंचे झुमके घालायचे आहेत. जोडाचे वजन तीस ग्रॅम, म्हणजे एका कानाला पंधरा. त्यातले चार ग्रॅम वरच्या फुलाचे, अकरा घुमटाचे. फुलामागे पातळ आकडा आहे. काकूंच्या डाव्या कानाचे भोक थोडे लांबट आहे आणि उजव्या कानाचे पाच मिलिमीटरची चीर झाले आहे. तिच्या खाली चार मिलिमीटर मांस उरले आहे. घुमट बरोबर गालाच्या फुगीर भागाशी येतो. म्हणजे आहे तसे घातले तर झुमके त्यांना शोभणारही नाहीत आणि उजवा कान दिवसाअखेर धोक्यात येईल.

सोनाराकडे तीन कामे सांगायची. आकडा काढून त्या जागी दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची मळसूत्राची दांडी आणि रुंद चकतीची फिरकी बसवायची. त्या चकतीमुळे फूल सरळ उभे राहते आणि उजव्या कानाची चीर फुलामागे झाकलीही जाते. दुसरे, घुमट फुलाला कायमचा जोडलेला आहे तो सुटा करायचा, म्हणजे फूल एकटे कुडीसारखे घालता येईल. तिसरे, घुमट अडकवताना मध्ये दीड सेंटीमीटरची बारीक मोत्यांची सर घालायची. त्याने वजन ग्रॅमभराच्या आत वाढते, पण घुमट जबड्याच्या खाली जातो आणि गोल चेहऱ्याची अडचण संपते. काम सांगण्याआधी दागिन्याचे वजन आणि फोटो घ्यावा, आणि परत घेताना पुन्हा तोलून घ्यावा. सासूबाईंच्या दागिन्याला कात्री लावायची नसेल तर आकडा तसाच ठेवूनही फुलामागे चकती आणि वर आधार एवढे तरी करावे.

आधार म्हणजे वेल. कानावरून केसांकडे जाणारी मोत्यांची किंवा सोन्याची ही सर आपण शोभेसाठी घालतो. तमिळनाडूत तिला माट्टल म्हणतात, हिंदी बाजारात सहारा या नावाने तशीच साखळी मिळते. तिचे मूळ काम भार वाटून घेण्याचे आहे, आणि ते काम ती करते की नाही हे दोन गोष्टींवर ठरते. एक टोक झुमक्याचा भार जिथे लटकतो त्या कडीत अडकायला हवे. फक्त दांडीभोवती सैल अडकवले तर ती भार घेत नाही. दुसरे टोक अंबाड्यात किंवा कानामागच्या केसांच्या घट्ट बटेत, आकड्याने पक्के बसायला हवे. मोकळ्या, नुकत्याच धुतलेल्या केसांत ते घसरते. सैल राहिलेला वेल भार घेत तर नाहीच, वर स्वतःचे दोन-तीन ग्रॅम पाळीवर टाकतो. ताण बरोबर आहे का ते पाहायला आधी झुमका वेलाशिवाय घालावा, बाजूने फोटो काढावा. मग वेल लावून तसाच फोटो. दुसऱ्या फोटोत पाळी आखूड दिसली आणि चीर बंद दिसली तर वेल काम करतो आहे. वेल इतकाही ओढू नये की पाळी वर खेचली जाईल.

मग दिवसाची आखणी. सकाळी फक्त फुले. मुहूर्ताला घुमट आणि वेल. अक्षता पडल्यावर, फोटो झाल्यावर घुमट डबीत. संध्याकाळी स्वागत समारंभाला पुन्हा दोन तास. उजव्या कानाला पाळीच्या मागे चिकटणारी पारदर्शक आधारपट्टी लावावी. दांडी तिच्यातून टोचून जाते आणि भार पट्टीच्या सगळ्या कातडीवर पसरतो. पट्टी लावण्याआधी पाळी पुसून पूर्ण कोरडी करावी, कारण तेल आणि पावडरवर ती धरत नाही. अशा पट्ट्या समारंभापुरत्या. रोज लावल्या तर गोंदाने कातडी सोलवटते. हे सगळे जमवून काकूंच्या उजव्या कानावर पंधरा ग्रॅम पूर्ण भाराने दिवसभर लटकण्याऐवजी तीन-चार तास, वाटून घेतलेला भार येतो.

उजव्या चिरेखाली दोन मिलिमीटरच मांस उरले असते तर मी त्यांना झुमका घालू नका असेच सांगितले असते. तिथे वेल, चकती, पट्टी यांच्या भरवशावर राहणे बरोबर नाही. तेव्हा दाबाचे कानातले हा पर्याय आहे, पण तेही हलकेच, आणि दोन-तीन तासांनी काढून पाळीला मोकळे करायचे, कारण त्यांची स्प्रिंग सतत दाबत राहते. कानाच्या वरच्या कडेला बुगडी घालून शोभा तिकडे नेता येते. मात्र त्यासाठी नव्याने टोचायचे असेल तर विचार करावा: वरच्या भागात कूर्चा आहे, तिला रक्तपुरवठा कमी, भरून यायला काही महिने लागतात आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. दाबाची बुगडी मिळते, ती बरी.

कान फाटलाच तर त्या क्षणी दागिना काढावा, स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ताज्या जखमेच्या दोन्ही कडा कच्च्या असतात, त्या शिवल्या की जुळतात. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का तेही डॉक्टर पाहतात. चिकटपट्टीने कडा धरून घरी वाट पाहिली तर दोन्ही कडांवर स्वतंत्र कातडी येते, आणि कातडीला कातडी कधीच जुळत नाही. जुना फाटलेला किंवा ओघळलेला कान नुसत्या गोंदाने का बुजत नाही, याचे कारण हेच. डॉक्टर पाळी बधिर करून चिरेच्या आतली ती कातडी खरवडून किंवा कापून काढतात, कडा पुन्हा कच्च्या करतात आणि मग शिवतात. पूर्ण फाटलेल्या पाळीत सरळ शिवले तर व्रण आकसताना खालच्या कडेला खाच पडू शकते, म्हणून काही वेळा नागमोडी कापून शिवतात. टाके साधारण आठवड्याभराने निघतात. बिनटाक्याने कान जोडून देतो असे सांगणारे काही जण अॅसिड लावून चिरेतली कातडी जाळतात. लहान चिरेसाठी काही डॉक्टर मोजक्या तीव्रतेचे अॅसिड वापरतात हे खरे, पण कोणते आणि किती तीव्र ते न सांगणाऱ्या माणसाच्या हातात पाळी देऊ नये. ती भाजते आणि व्रण राहतो. घरात कुणाला जखमेवर फुगीर गाठीसारखा व्रण येण्याची सवय असेल तर ते टाके घालण्याआधीच डॉक्टरांना सांगावे.

पुन्हा टोचायची घाई इथे सर्वांत महाग पडते. टाके निघाल्यावर पाळी बाहेरून नीट दिसते, पण आतली वीण अजून कच्ची असते. दोन-तीन महिने थांबावे आणि नवे भोक व्रणाच्या रेषेवर न पाडता तिच्या शेजारी, पाळीच्या मध्यावर किंवा थोडे वर पाडून घ्यावे. व्रणावर पाडलेले भोक पुन्हा त्याच रेषेत उतरते. नवे भोक भरून आल्यावर सहा महिने तरी तिथे छोटे टॉप्स किंवा कुडीच असावी, आणि झुमके घालायचे तर त्यानंतर, वेलाच्या आधारानेच.